असेंबल्ड डेस्कटॉप घरसामानाच्या ट्रकमधून न्यायचाय, कूलर काढायचा का राहू द्यायचा?

खिळखिळा
नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी घर बदलतोय, अंतर सहाशे किलोमीटर, सामान ट्रकने जाणार, दोन दिवस लागतील असं म्हणतायत. आम्ही स्वतः गाडीने जातोय पण गाडीत दोन मुलं, एक मांजर आणि बायकोची झाडं, त्यामुळे कॅबिनेटला जागा नाही हे घरात आधीच ठरलंय, माझं मत विचारलं गेलं नाही.

मशीन मी स्वतः जोडलेलं, एएम४ बोर्ड, रायझन ५, वर दोन मनोऱ्यांचा मोठा एअर कूलर, तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड, एक एम.२ एसएसडी आणि दोन साडेतीन इंची हार्ड डिस्क. एका बाजूला काच. कूलर जोडताना मी वजन करून पाहिलं होतं, पंख्यांसकट सव्वा किलोच्या वर. कार्ड साधारण दीड किलो.

कार्ड काढायचं एवढं मला कळतंय. प्रश्न कूलरचा आहे. काढला तर पेस्ट परत लावा, परत बसवा, सगळा कुटाणा. नाही काढला तर सव्वा किलोचा ठोकळा बोर्डाला लटकलेला आणि ट्रक कुठल्या खड्ड्यातून जाईल ते देव जाणे. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा.

बिनधास्त_बाळू
काही काढू नका. मी सहा घरं बदलली, दर वेळी कॅबिनेट आहे तसं उचललं, चादरीत गुंडाळलं, ट्रकमध्ये. अजून चालतंय. लोक उगाच घाबरवतात.

निवांत
सोपं आहे, नवीन एसएसडी घ्या, क्लोन करा जुन्यावरून, मग दोन्ही एकदम लावू नका नाहीतर बूट करताना गोंधळ होतो. मी मागच्या महिन्यातच मूव्ह केलं, अर्धा तास लागला.

खिळखिळा
@निवांत अहो डेटा नाही हलवायचाय, अख्खा डबा हलवायचाय :)

निवांत
ओह. शीर्षक नीट वाचलं नाही. पण क्लोन करून ठेवाच.

टिकाऊ_वायर
@खिळखिळा नऊ वर्षं मशीन जोडून बाहेरगावी पाठवायचं काम केलंय, त्यातून आलेलं सांगते. लांब होईल.

आधी बाळूंचं. सहा वेळा काही झालं नाही हे खरं असणार, पण त्यांच्या मशीनमध्ये कूलर कुठला होता ते त्यांनी सांगितलं नाही. डब्यातून येतो तो छोटा बुटका कूलर असेल तर मीही म्हणेन राहू द्या. अॅल्युमिनियमचा लहान ठोकळा, बोर्डाला चिकटून बसलेला, त्याचा झोल तो काय. मोठ्या मनोऱ्याचं दुखणं नुसत्या वजनाचं नसतं, ते वजन बोर्डापासून किती लांब आहे त्याचं असतं. कॅबिनेट उभं असताना बोर्ड भिंतीसारखा असतो आणि कूलर त्या भिंतीतून आडवा बाहेर आलेला. भिंतीत ठोकलेल्या फळीवर कोणी मूल उडी मारतंय असं समजा, फळीचं टोक हलतं आणि मुळाशी भिंत उखडते. बोर्ड त्या चार स्क्रूंपाशी वाकतो.

म्हणून पहिला उपाय कूलर काढणं नाहीच, कॅबिनेट आडवं करणं आहे. बोर्ड खाली, काच वर. बहुतेक कॅबिनेटमध्ये समोरून पाहिलं तर उजवी बाजू खाली येते, पण काहींत बोर्ड उलटा असतो, तेव्हा उघडून खात्री करा. आडवं केलं की कूलर टेबलावर ठेवलेल्या तांब्यासारखा उभा राहतो, वजन सरळ खाली बोर्डावर, लटकणं संपलं. तुमच्या गाडीत, तुमच्या हातात मशीन असतं तर मी म्हटलं असतं कूलरला हात लावू नका, आडवं ठेवा, खाली जाड रजई घाला आणि निघा.

पण ट्रकमध्ये ते आडवं राहील याची खात्री कोण देणार? खोक्यावर बाण काढा, "ही बाजू वर" लिहा, भरणारा माणूस जागा दिसेल तसं कोंबतो. त्याचंही चुकत नाही, त्याला दिवसभरात दोनशे खोकी भरायची असतात. तेव्हा कुठल्याही बाजूने पडेल असं गृहीत धरायचं. अशा वेळी मी मोठा एअर कूलर काढते.

बिनधास्त_बाळू
माझा डब्यातलाच कूलर होता हे मान्य :D

ढ_विद्यार्थी
टिकाऊताई, पण धक्का नक्की किती बसतो? म्हणजे सव्वा किलो तर माझ्या दप्तरापेक्षा कमी आहे, त्यात बोर्ड मोडतो?

गणिती_गुंता
मी सांगतो, हा माझा आवडता हिशोब आहे. समजा खोका ३० सेंटिमीटरवरून पडला, म्हणजे गुडघ्याच्याही खाली, ट्रकमधून उतरवताना सहज होतं. खाली काहीच पॅकिंग नाही आणि कॅबिनेट ३ मिलिमीटर दबून थांबलं. ३०० भागिले ३, म्हणजे सरासरी शंभर जी. तेवढा क्षणभर तुमचा १.३ किलोचा कूलर १३० किलोसारखा वागतो. आता तेच खाली स्पंज आहे आणि ३० मिलिमीटर दबून थांबलं तर ३०० भागिले ३०, दहा जी, कूलर १३ किलोचा. खोका तोच, उंचीही तीच, फरक फक्त थांबायला किती जागा मिळाली त्याचा.

टिकाऊ_वायर
@गणिती हिशोब बरोबर, पण ही सरासरी झाली. खरा झटका एका क्षणी याच्यापेक्षा वर जातो. आणि स्पंज पूर्ण चेपला की पुढे दगडच, म्हणून फार मऊ स्पंजही कामाचा नाही. वजनदार मशीनखाली ढिल्या फुग्यांचा एकच थर घातला तर फुगे फुटतात आणि तुम्ही परत ३ मिलिमीटरवर. हाताने दाबल्यावर दबेल पण तळाला टेकणार नाही असा स्पंज घ्या, सगळ्या बाजूंनी पाच सेंटिमीटर तरी.

आजोबा२८६
आमच्या वेळी मशीन हलवायच्या आधी PARK नावाचा प्रोग्राम चालवावा लागे, हार्ड डिस्कची हेड बाजूला न्यायला. न चालवता उचललं की संपलं. आता ते कोणी करत नाही म्हणूनच डिस्क जातात असं माझं मत आहे. खिळखिळा, आधी डिस्क पार्क करा.

टिकाऊ_वायर
काका, तुमच्या काळासाठी हे शंभर टक्के खरं. तेव्हाच्या बऱ्याच डिस्कची हेड वीज गेली की जिथे होती तिथेच टेकायची. आताच्या डिस्क वीज गेली की स्वतःच हेड तबकडीवरून उचलून बाजूच्या उतरणीवर ठेवतात, वेगळा प्रोग्राम लागत नाही. बंद करताना शेवटी एक "टक" ऐकू येतं ना, तेच ते. बंद डिस्क चालू डिस्कपेक्षा कितीतरी जास्त धक्का सोसते, साडेतीन इंची डिस्कच्या माहितीपत्रकात बंद असताना साधारण अडीचशे-तीनशे जी वगैरे आकडा दिलेला असतो. खूप वाटतो, पण वर गणितींनी दाखवलंय की शंभर जी गाठायला गुडघ्याएवढी उंचीही लागत नाही. आणि उघडी डिस्क फरशीवर पडली की ती ३ मिलिमीटरसुद्धा दबत नाही.

म्हणून दोन्ही हार्ड डिस्क बाहेर काढून स्वतःजवळ ठेवा. डिस्क नाजूक हे एक कारण झालं, पण त्यातला डेटा पुन्हा विकत मिळत नाही हे त्याहून मोठं. आजकाल बऱ्याच कॅबिनेटात डिस्क स्क्रूशिवाय नुसत्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये दाबून बसवतात, ट्रकच्या हादऱ्यांनी ट्रे सुटून डिस्क आतल्या आत फिरते ते मी दोनदा पाहिलंय, एकदा तर तिने जाऊन कार्डाचा पंखा मोडला होता. एम.२ राहू द्या. काही ग्रॅमची पट्टी, एका स्क्रूने धरलेली, तिला काही होत नाही.

आजोबा२८६
ठीक. पण ती "टक" ऐकून मला अजून धस्स होतं.

मांजरप्रेमी
मांजर गाडीत सहाशे किमी कशी नेणार? आमची पन्नासमध्ये ओकली.

खिळखिळा
@मांजरप्रेमी तो दुसरा धागा होईल :( पहिल्यापेक्षा लांब.

टिकाऊताई, पटलं. पण मी एएम४ वर आहे, कूलर काढताना प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो असं ऐकलंय. म्हणूनच टाळत होतो.

स्क्रूढिला
येतो! माझा आलाय! पेस्ट वाळून डिंकासारखी झाली होती, मी सरळ वर ओढला आणि प्रोसेसर कूलरला चिकटून हातात. अकरा पिना वाकल्या. रिकाम्या क्लच पेन्सिलच्या टोकात एकेक पिन घालून सरळ केल्या, दोन तास. चालला पण. त्या दोन तासांत म्हातारा झालो.

टिकाऊ_वायर
हा धोका खरा आहे. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि दांडी त्या पिनांना फक्त बाजूने आवळते, वरून काही दाबून धरलेलं नसतं. एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये प्रोसेसरवर चौकट बसते, तिथे हा प्रकार होत नाही.

करायचं असं. काढायच्या आधी मशीनवर पंधरा-वीस मिनिटं काहीतरी जड चालवा, गेम असो, व्हिडिओ एन्कोडिंग असो, पेस्ट गरम होऊन मऊ पडली पाहिजे. मग बंद करा, मागचं बटण बंद, वायर काढा, पुढचं पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. आणि लगेच कामाला लागा, पाणी प्यायला गेलात तर परत गार. आधी पंखे काढा म्हणजे मधले स्क्रू दिसतात. मनोऱ्याच्या कूलरला मधे दोन स्प्रिंगवाले स्क्रू असतात, बहुतेकांत तेवढेच सोडायचे, बोर्डावरच्या पट्ट्यांना हात लावू नका, नाहीतर मागची पाटी निखळून पडते आणि तुम्ही कॅबिनेटचं दुसरं झाकण उघडून बसता. दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे सोडा. सुटला की वर ओढायचा नाही! डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळायचा, बरणीचं घट्ट झाकण फिरवतो तसा, पण अगदी थोडा. चिकटपणा सुटला की हाताला कळतं, मग उचला.

प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू द्या, दांडी बंद. पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टाका.

फोमवाला
एवढं सगळं कशाला? खिडकीच्या फटीत मारतात तो फुगणारा फोमचा डबा आणा, कॅबिनेटमध्ये मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला, पिशवीत फोम मारा, फुगून सगळीकडे बसतो, कूलर कार्ड सगळं जिथल्या तिथे घट्ट. परदेशातून येणारी तयार मशीनं अशीच येतात, मी उघडताना पाहिलंय.

टिकाऊ_वायर
@फोमवाला अर्धं बरोबर. तयार मशीनमध्ये पिशवीतला फोम असतो, पण ते वेगळं प्रकरण आहे, पिशवीत दोन रसायनं मिसळतात, ती मिनिटभरात फुगून थांबतात आणि होणारा फोम मऊ असतो. खिडकीचा फोम हवेतली आर्द्रता घेऊन सुकतो, बंद पिशवीच्या पोटात तो तासन्तास ओलाच राहतो आणि मग नंतर कधीतरी फुगतो. पिशवी एवढीशी जरी फाटली तरी तो जिथे लागून सुकेल तिथून कुठल्याही द्रावणाने निघत नाही, खरवडावा लागतो. रॅमच्या फटीतून खरवडून बघा.

कल्पना मात्र चांगली आहे. आतली पोकळी भरायची. त्यासाठी बबल रॅपचे गुंडाळे पुरतात, पण साधा बबल रॅप बोर्डाला घासून स्थिर वीज तयार करतो, म्हणून आधी अँटिस्टॅटिक पिशवी किंवा निदान कोरा कागद मधे घाला. थर्माकोलचे मणी तर नकोच, पंख्यात शिरले की पुढच्या घरातही निघत राहतील.

स्क्रूढिला
आणि आत जे भरलंय ते पोचल्यावर काढायला विसरू नका. मी विसरलो होतो. पंखा फिरेना, आत बबल रॅप वितळल्याचा वास.

ढ_विद्यार्थी
@स्क्रूढिला काका तुमच्या बाबतीत सगळंच कसं होतं?

स्क्रूढिला
अनुभव म्हणतात याला बाळा. तेव्हापासून पॉवरच्या वायरच्या भोकावर कागद चिकटवतो, "आत सामान आहे". कागद काढल्याशिवाय वायर लागतच नाही.

टिकाऊ_वायर
हा कागद मी पण चोरणार.

कार्डाचं थोडक्यात. काढताना स्लॉटच्या टोकाचा खटका दाबल्याशिवाय ओढू नका, मोठ्या कार्डाखाली बोट पोचत नाही, लाकडी पट्टी घ्या, स्क्रूड्रायव्हर निसटला तर बोर्डावर चरा. जड कार्ड आत ठेवून पाठवलं की कार्डाच्या पट्टीला त्या खटक्याच्या खाचेपाशीच बारीक तडा जातो, डोळ्याला धड दिसत नाही, दुरुस्ती कधी होते कधी नाही. मूळ खोका असेल तर अँटिस्टॅटिक पिशवीसकट त्यात घाला. कार्डही जवळच ठेवा.

काच वेगळी काढा, दोन पुठ्ठ्यांमध्ये, कडा गुंडाळून. कडक केलेली काच मधे ठोसा सोसते पण कोपऱ्यावर टक्कर बसली की अख्खी चुरा. चिकटपट्टीचा फुलीचा आकार काच वाचवत नाही, चुरा एका जागी ठेवतो एवढंच.

बिनधास्त_बाळू
शेवटी गाडीत डिस्क आली, कार्ड आलं, काच आली. मग कॅबिनेटनेच काय घोडं मारलंय? एखादं झाड ट्रकमध्ये टाका.

खिळखिळा
@बाळू मांडून पाहिलं. उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

ठरलं. कूलर, कार्ड, दोन डिस्क गाडीत सीटखाली. रिकामं कॅबिनेट मूळ खोक्यात ट्रकमधून.

टिकाऊ_वायर
मूळ खोका चालेल, आता आतलं वजन गेलंय म्हणून. एरवी कॅबिनेटचा खोका रिकाम्या कॅबिनेटसाठीच केलेला असतो, भरलेल्या मशीनचं वजन त्या थर्माकोलच्या टोप्यांना झेपत नाही हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

निघण्याआधी दोन गोष्टी. वायरी कुठे होत्या त्याचे फोटो काढा. आणि ड्राइव्हवर बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, जोडाजोडीत बायोसच्या सेटिंग बदलल्या तर विंडोज ती मागू शकतं आणि तेव्हा ती त्या मशीनमधून बघता येत नाही. अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून

```
manage-bde -protectors -get C:
```

दिलं की ४८ आकडी की दिसते.

खिळखिळा
बघतो. हे माहीतच नव्हतं.

---

खिळखिळा
(दहा दिवसांनी) पोचलो. उशीर झाला कारण मॉनिटर कुठल्या खोक्यात आहे ते सापडेना.

काढताना काही झालं नाही. वीस मिनिटं गेम खेळलो, बायको म्हणाली पॅकिंग सोडून हे काय चाललंय, तर म्हटलं हेच पॅकिंग आहे. पिळला, अलगद आला, प्रोसेसर जागेवर. कॅबिनेटचा खोका ट्रकमधून उतरला तो डोक्यावर उभा होता, बाण खाली. ताईंचं भाकीत खरं ठरलं.

गडबड पोचल्यावर झाली. सगळं जोडलं, चालू केलं, डिस्प्ले आला, खूश झालो. सवयीने बायोसमध्ये गेलो तर प्रोसेसर ७०, बघता बघता ८८, मग ९४. काही न करता! बंद केलं लगेच. पंखा तर फिरत होता. काय असेल?

टिकाऊ_वायर
पंखा फिरतोय आणि मिनिटाभरात एवढं चढतंय म्हणजे कूलरचा तळ प्रोसेसरला टेकलेला नाही किंवा तिरका बसलाय. तुम्ही एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात का?

खिळखिळा
...हो.

टिकाऊ_वायर
तेच. एक बाजू आधी बसते, दुसरी उचललेली राहते, पेस्ट एकीकडे सरकते आणि नंतर दुसरा स्क्रू आवळताना घट्ट लागला तरी तो मधेच अडलेला असतो. काढा, पेस्ट दोन्हीकडून पुसा, नवी लावा, वाटाण्याएवढी, मग दोन्ही स्क्रू आळीपाळीने दोन-दोन फेरे. काढल्यावर जुन्या पेस्टचा ठसा बघा आधी, अर्ध्याच भागात पसरलेला असेल.

खिळखिळा
बरोब्बर. एका बाजूला पसरलेली आणि दुसऱ्या बाजूला थेंब तसाच्या तसा, कूलरला लागलासुद्धा नव्हता. परत बसवला, बायोसमध्ये आता ४१ वर स्थिर, दहा मिनिटं ठेवून पाहिलं.

बिनधास्त_बाळू
म्हणजे ट्रकने काही बिघडवलं नाही, काढल्यामुळे बिघडलं. मी पहिल्याच दिवशी काय म्हणालो होतो?

टिकाऊ_वायर
बाळूशेठ, हा मुद्दा तुमचा, मान्य. काढण्याचीही जोखीम असते. पण ही जोखीम पडद्यावर आकड्यात दिसते आणि पंधरा मिनिटांत सुटते. वाकलेल्या बोर्डाचं असं नसतं, त्यात कधी एक रॅम स्लॉट मरतो, कधी महिन्याने मशीन आपोआप बंद पडायला लागतं आणि तुम्ही विंडोजला शिव्या देत बसता.

बिनधास्त_बाळू
खोका डोक्यावर उभा होता तेव्हा कूलर आत असता तर काय झालं असतं ते कोणालाच माहीत नाही. तुम्हालाही नाही.

टिकाऊ_वायर
नाही. तेही खरं.

@खिळखिळा कार्ड नीट बसलंय का ते एकदा बघाच. GPU-Z उघडा, Bus Interface मध्ये काय दिसतं?

खिळखिळा
`PCIe x16 4.0 @ x8 1.1`. १.१ म्हणजे फारच जुनं झालं ना? कार्ड मेलं का?

टिकाऊ_वायर
१.१ कडे लक्ष देऊ नका, कार्ड निवांत असताना वीज वाचवायला वेग कमी करतं, गेम लावला की ४.० होईल. पण @ च्या पुढे x8 आहे तिथे x16 पाहिजे. या कार्डाला आधी पूर्ण सोळा मिळत होते का?

खिळखिळा
हो, निघण्याआधीचा स्क्रीनशॉट आहे, x16.

गणिती_गुंता
दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये काही लावलंत का नव्याने? काही बोर्डांवर तसं केलं की कार्डाच्या लेन अर्ध्या होतात.

खिळखिळा
नाही, एम.२ ला हातच लावला नाही.

टिकाऊ_वायर
मग कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण गेलेलं नाही किंवा काहीतरी कचरा अडकलाय. वायर काढा, कॅबिनेट आडवं करा, कार्ड काढून सोनेरी पट्टी बघा, कापड न घासता अल्कोहोलने पुसा, आणि आडव्या स्थितीतच परत बसवा, वजन स्वतःच मदत करतं. खटक्याचा आवाज आला पाहिजे. ब्रॅकेटचे स्क्रू शेवटी.

खिळखिळा
झालं. x16. स्लॉटमध्ये काय होतं सांगू? मांजरीचा केस.

मांजरप्रेमी
❤️

आजोबा२८६
डिस्कचं काय झालं ते सांगितलं नाहीस.

खिळखिळा
काका, दोन्ही ठणठणीत, CrystalDiskInfo मध्ये आकडे निघण्याआधीचे तेच आहेत. टकसुद्धा करतात.

एक स्क्रू मात्र उरलाय. काळा, बारीक डोक्याचा. सगळं बसलंय, काही ढिलं नाही, कॅबिनेट हलवून पाहिलं तर आत काही खुळखुळत नाही. कुठला असेल?

स्क्रूढिला
फोटो टाका. माझ्याकडे तसलेच तीन आहेत.